संयुक्त लंबकाचा आवर्तकाल : आलंबनबिंदूचे अंतर, जडत्व परिबल आणि एका छिद्राची त्रिज्या

प्रास्ताविक

पदवी वर्गाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ‘बार पेंडुलम’ या नावाने परिचित असलेला प्रयोग बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी करवून घेतला जातो. साधारण एक मीटर लांबीची धातूची पट्टी, तिच्यावर ठरावीक अंतरांवर पाडलेली छिद्रे, भिंतीला घट्ट बसविलेली सुरीसारखी धार आणि एक विरामघड्याळ एवढे साहित्य त्यासाठी पुरते. प्रयोग सोपा दिसतो, आणि त्यामुळेच त्यात काय मोजले जाते याकडे लक्ष कमी जाते. विद्यार्थ्याच्या वहीत गुरुत्वीय त्वरणाचे मूल्य बहुधा ९.८१ मी/से² च्या आसपास ‘येते’. वस्तुतः महाराष्ट्र व गोव्याच्या अक्षांशांवर हे मूल्य सुमारे ९.७८ ते ९.७९ आहे, ९.८१ हे लंडनसारख्या उत्तरेकडील ठिकाणाला शोभणारे मूल्य होय. प्रस्तुत लेखात मध्यापासून दूर टांगलेल्या सळईच्या आवर्तकालाचे सूत्र जडत्व परिबलाच्या साहाय्याने मांडून, त्या सूत्रात आलंबनबिंदूचे अंतर कोणते दुहेरी काम करते आणि ते मोजताना होणारी एक छोटी चूक निष्कर्षात कशी शिरते, याचे विवेचन केले आहे.

गुरुत्वमध्य पुरेसा का नाही?

साध्या लंबकाची सवय झालेला विद्यार्थी सळईकडे पाहून एक तर्क करतो. सळईचे सर्व वजन गुरुत्वमध्यातून कार्य करते. मग सर्व वस्तुमान गुरुत्वमध्याशी एकवटले आहे असे मानून आलंबनबिंदूपासूनचे अंतर h हीच लंबकाची लांबी का समजू नये? या तर्काचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसरा चूक. गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क काढावयाचा असेल तेव्हा वजन गुरुत्वमध्याशी एकवटले आहे असे धरण्यास काहीच हरकत नाही. तो टॉर्क mgh sin θ इतकाच येतो. परंतु फिरविण्यास होणारा विरोध वस्तुमान कोठे पसरले आहे त्यावर, तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, अवलंबून असतो. अंतराच्या वर्गांची सरासरी ही सरासरी अंतराच्या वर्गाइतकी नसते, आणि संयुक्त लंबकाचा सारा स्वभाव या फरकातून निर्माण होतो.

आलंबनबिंदूतून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती सळईचे जडत्व परिबल I असेल, तर गतीचे समीकरण असे मिळते :

I (d²θ/dt²) = −mgh sin θ

कोन लहान असताना sin θ च्या जागी θ घेता येतो, गती सरल आवर्त ठरते आणि आवर्तकाल येतो :

T = 2π √(I / mgh)

येथे समांतर अक्षांचे प्रमेय उपयोगी पडते. गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या समांतर अक्षाभोवती जडत्व परिबल mk² असेल, k ही घूर्णन त्रिज्या असेल, तर I = m(k² + h²). वस्तुमान अंश आणि छेद दोन्हींतून निघून जाते व उरते :

T = 2π √[(k² + h²) / gh] = 2π √[(k²/h + h) / g]

शेवटचे रूप मुद्दाम लिहिले आहे. साध्या लंबकाच्या सूत्रात जेथे लांबी असते तेथे आता k²/h + h ही राशी आली आहे. तिला समतुल्य लांबी l म्हणावे. तिचे दोन वाटेकरी आहेत. दुसरे पद h हे गुरुत्वमध्य कंसावरून वर-खाली जाण्यामुळे येते. केवळ तेच असते तर सळई हा साधा लंबक ठरला असता. पहिले पद k²/h हे सळई आपल्या गुरुत्वमध्याभोवती स्वतः वळते त्यामुळे येते. आलंबनबिंदू मध्याजवळ सरकवीत नेला की h लहान होते, टॉर्क दुबळा होत जातो, पण सळईला वळविण्यास लागणारे जडत्व जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून पहिले पद भराभर वाढते. नेमक्या मध्यावर टांगलेली सळई मुळी आंदोलन करीतच नाही. तिचा आवर्तकाल अनंत होतो.

एक मीटरची सळई

एकसमान, बारीक, १ मीटर लांबीची सळई घेतली तर k² = L²/12, म्हणजे k सुमारे २८.९ सेमी. गुरुत्वीय त्वरण ९.७८५ मी/से² धरून आकडे काढले असता सळईचे वर्तन डोळ्यांसमोर उभे राहते. अगदी टोकाशी, म्हणजे मध्यापासून ५० सेमीवर टांगली असता आवर्तकाल १.६४ सेकंद येतो. आलंबनबिंदू मध्याकडे आणत गेल्यास आवर्तकाल आधी कमी होतो : ४० सेमीवर १.५७ आणि २८.९ सेमीवर १.५२६ सेकंद. हा त्याचा किमान होय. त्यानंतर तो पुन्हा वाढू लागतो : २० सेमीवर १.५८, १० सेमीवर १.९४, तर ५ सेमीवर २.६३ सेकंद. याच ५ सेमी अंतराला साध्या लंबकाची लांबी मानले असते तर उत्तर ०.४५ सेकंद आले असते. मध्याजवळ हा तर्क किती फसतो ते यावरून दिसते.

किमान आवर्तकाल h = k येथे का, हे समजण्यास विकलनाचीही गरज नाही. k²/h आणि h या दोन पदांचा गुणाकार नेहमी k² असतो. गुणाकार कायम असताना बेरीज सर्वांत लहान केव्हा, तर दोन्ही पदे समान असताना. म्हणजे जेथे सळईच्या वळण्याचा वाटा आणि गुरुत्वमध्याच्या हालचालीचा वाटा समसमान होतात, तेथे सळई सर्वांत जलद झुलते.

याच निरीक्षणातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. एखादा आवर्तकाल निश्चित केला की l निश्चित होते आणि h साठी वर्गसमीकरण मिळते :

h² − lh + k² = 0

त्याची दोन मुळे h₁ व h₂ असतील तर h₁ + h₂ = l आणि h₁h₂ = k². टोकाशी, ५० सेमीवर, जो आवर्तकाल येतो तोच मध्यापासून १६.७ सेमीवरही येतो, आणि या दोहोंची बेरीज ६६.७ सेमी हीच समतुल्य लांबी असते. आलंबनबिंदू मध्याच्या एका बाजूस ५० सेमीवर व दुसरा विरुद्ध बाजूस १६.७ सेमीवर घेतला, तर त्या दोन बिंदूंमधील प्रत्यक्ष अंतर म्हणजेच l. आलंबनबिंदू आणि त्याचा जोडीदार यांची अदलाबदल केली तरी आवर्तकाल बदलत नाही, हे क्रिस्तियान हायगेन्स याने १६७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंबक-घड्याळांवरील ग्रंथात दाखविले होते. या मार्गात k माहीत असण्याची गरजच राहत नाही. पट्टी एकसमान आहे की नाही, तिच्यावरील छिद्रांनी किती धातू गेला, तिची रुंदी किती, हे सारे प्रश्न बाजूला पडतात. संयुक्त लंबकाने g काढण्याच्या पद्धतीचे खरे बळ येथे आहे.

अंतरातील चूक कोठे किती भोवते?

समतुल्य लांबी h वर किती संवेदनशील आहे हे 1 − k²/h² या राशीवरून कळते. ५ सेमीवर तिचे मूल्य सुमारे −३२ येते. म्हणजे तेथे h मध्ये १ मिमीची चूक झाली तर l मध्ये ३२ मिमीची, सुमारे १.९ टक्क्यांची चूक होते. टोकाशी तीच १ मिमीची चूक केवळ ०.१ टक्का इतकी उरते. आणि h = k येथे ही राशी शून्य होते; तेथे १ मिमीच्या चुकीचा परिणाम टक्क्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. आवर्तकाल किमान असलेली ही जागा अंतराच्या मोजणीतील दोष जवळपास पूर्णपणे गिळून टाकते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे : k च्या आत ही राशी ऋण असते व बाहेर धन. h प्रत्यक्षाहून कमी मोजले गेले, तर मध्याजवळील छिद्रांवर g जास्त येईल आणि टोकाकडील छिद्रांवर कमी. म्हणजेच h मधील चुकीला स्वतःची अशी खूण आहे.

छिद्राची त्रिज्या

अशी चूक प्रत्यक्ष प्रयोगशाळेत कोठून येते? विद्यार्थी पट्टीवरील अंतरे छिद्राच्या मध्यापर्यंत मोजतो, कारण मध्य हीच छिद्राची ‘जागा’ असे त्याला स्वाभाविकपणे वाटते. परंतु पट्टी सुरीच्या धारेवर टांगली की धार छिद्राच्या मध्याशी नसते. पट्टी खाली लोंबते आणि छिद्राची वरची कड धारेवर टेकते. आलंबनबिंदू म्हणजे ही वरची कड. ती गुरुत्वमध्यापासून छिद्राच्या त्रिज्येइतकी अधिक दूर असते. छिद्राचा व्यास ८ मिमी असेल तर प्रत्येक h ४ मिमीने कमी मोजले जाते, आणि पट्टी उलटी करून टांगली तरी चुकीची दिशा तीच राहते.

याचा परिणाम किती होतो ते पाहण्यासाठी वरील एक मीटरच्या पट्टीचेच गणित करावे. छिद्रांमुळे गेलेला धातू सोयीसाठी दुर्लक्षिला आहे. खरे अंतर छिद्रमध्याच्या अंतरापेक्षा ४ मिमीने जास्त धरून आवर्तकाल काढले, आणि त्यांवरून विद्यार्थ्याप्रमाणे छिद्रमध्याचे अंतर व k² = L²/12 वापरून g काढले, तर पुढील चित्र मिळते.

| छिद्रमध्याचे अंतर (सेमी) | आवर्तकाल (से.) | निघणारे g (मी/से²) |
|---|---|---|
| ५ | २.५३९ | १०.५२ |
| १० | १.९११ | १०.०९ |
| २० | १.५७२ | ९.८५ |
| ३० | १.५२७ | ९.७८ |
| ४५ | १.६०४ | ९.७५ |

घड्याळ अचूक आहे, दोलने अचूक मोजली आहेत, तरीही g एका दिशेने उतरत जाते. खऱ्या मूल्याला ते २९ सेमीच्या आसपास, म्हणजे k पाशी, छेदते. यादृच्छिक दोष असता तर आकडे मागेपुढे विखुरले असते. येथे ते रांगेने उभे आहेत, आणि कोणत्या राशीत दोष आहे ते छेदनाची जागाच सांगते.

या तक्त्याचे पुढे काय होते ते अधिक बोधप्रद आहे. पाचही मूल्यांची सरासरी घेतली तर १०.०० येते. ती पटत नाही म्हणून ‘मध्याजवळची वाचने खराब असतात’ असे सांगून पहिली दोन गाळली, तर उरलेल्या तिघांची सरासरी ९.७९ येते. उत्तर अगदी योग्य, आणि ते येण्याचे कारण अगदी चुकीचे! तपासणाऱ्या शिक्षकाला वहीत आक्षेप घेण्यासारखे काहीच दिसणार नाही. हेच वाचन समान आवर्तकालांच्या रीतीने मांडले तर मात्र लपविण्यास जागा राहत नाही : ६६.७ सेमी ऐवजी दोन त्रिज्यांइतके कमी, म्हणजे सुमारे ६५.९ सेमी अंतर हाती येते आणि g ९.६७ इतके निघते.

सरळ रेषेचा सापळा

पुष्कळ ठिकाणी वक्र काढण्याऐवजी सूत्र रेषीय रूपात मांडण्याची पद्धत आहे :

hT² = (4π²/g)(h² + k²)

h² विरुद्ध hT² असा आलेख काढला की सरळ रेषा मिळते, तिच्या चढावरून g आणि छेदावरून k निघते. सर्व छिद्रांची वाचने एकत्र वापरली जातात म्हणून ही रीत श्रेयस्कर मानली जाते, आणि h अचूक असेल तर ती तशी आहेही. परंतु वरच्याच सदोष वाचनांतील १० सेमी व ४५ सेमीच्या बिंदूंतून रेषा काढली तर चढावरून g ९.५९ येते, म्हणजे दोन टक्क्यांनी कमी. मधले २० व ३० सेमीचे बिंदू त्या रेषेपासून आलेखाच्या एकूण उंचीच्या अर्ध्या टक्क्याइतकेही हलत नाहीत. साध्या आलेखकागदावर ते रेषेवरच पडले असे वाटते. रेषा सरळ येणे ही h अचूक असल्याची खात्री नव्हे. खात्री करावयाची तर छेदाकडे पाहावे. या रेषेच्या छेदावरून k सुमारे २८.१ सेमी येते, आणि पट्टीच्या लांबीवरून ते २८.९ असावयास हवे. पट्टीची रुंदी अडीच सेमी असली तरी तिच्यामुळे k² मध्ये पडणारा फरक टक्क्याच्या सोळाव्या भागाइतकाच आहे. म्हणून जवळपास तीन टक्क्यांची ही तूट रुंदीच्या माथी मारता येत नाही. बहुतेक वह्यांत k काढले जाते, चौकटीत लिहिले जाते, आणि पट्टीच्या लांबीशी कधीच ताडले जात नाही, ही खेदाची बाब आहे.

गुरुत्वमध्याची जागा चुकली असेल तर खूण निराळी असते. पट्टी पाचरीवर तोलून गुरुत्वमध्य शोधताना २ मिमीची चूक झाली, तर एका बाजूची सर्व अंतरे २ मिमीने वाढतात आणि दुसऱ्या बाजूची तेवढीच घटतात. पट्टीच्या दोन अर्ध्या भागांवरून काढलेले वक्र एकमेकांवर बसत नाहीत. छिद्राच्या त्रिज्येची चूक दोन्ही बाजूंना सारखी असल्याने हे दोन वक्र तंतोतंत जुळतात. आणि ते जुळले म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो. म्हणून दोन्ही बाजूंची तुलना ही गुरुत्वमध्याची कसोटी आहे, छिद्राची नाही.

दोलनांचा विस्तार हा यांच्या तुलनेत किरकोळ विषय आहे. ५ अंशांच्या परमप्रसराने आवर्तकाल सुमारे ०.०५ टक्का वाढतो. मात्र २० अंशांपर्यंत झुलू दिल्यास ही वाढ ०.७६ टक्का आणि g मधील घट दीड टक्क्यापर्यंत पोहोचते. पट्टी हळुवार सोडणे हाच त्यावर उपाय.

कॅटरची युक्ती

अंतर मोजण्याची हीच अडचण हेन्री कॅटर याने निराळ्या प्रकारे सोडविली. हा इंग्रज लष्करी अधिकारी तरुणपणी भारतात होता आणि विल्यम लँबटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात त्याने काम केले होते. इंग्लंडला परतल्यानंतर लंडनच्या अक्षांशावर सेकंद मोजणाऱ्या लंबकाची लांबी ठरविण्याचे काम त्याने हाती घेतले व १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती सुमारे ३९.१४ इंच असल्याचे नोंदविले. त्याच्या लंबकात धार भिंतीला नसून दांड्यालाच होती : दोन धारा परस्परांकडे तोंड करून दांड्यावर पक्क्या बसविलेल्या, आणि आधार म्हणून सपाट पृष्ठभाग. त्यामुळे आलंबनबिंदू कोठे आहे याविषयी संदिग्धता उरली नाही. दोन धारांमधील अंतर सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजता आले. दांड्यावरील सरकते वजन हलवून दोन्ही धारांवरचे आवर्तकाल समान केले की ते अंतर म्हणजेच समतुल्य लांबी. गुरुत्वमध्य कोठे आहे आणि k किती आहे, यांपैकी काहीही त्यास लागले नाही.

कॅटरचा दांडा एकसमान नव्हता, आणि त्यालाही कारण आहे. आवर्तकाल अगदी तंतोतंत समान करणे कष्टाचे असते; थोडा फरक राहिला तर पुढील सूत्र वापरावे लागते :

8π²/g = (T₁² + T₂²)/(h₁ + h₂) + (T₁² − T₂²)/(h₁ − h₂)

पहिल्या पदात फक्त दोन धारांमधील अंतर येते. गुरुत्वमध्याची गरज दुसऱ्या पदात लागते, आणि h₁ व h₂ एकमेकांच्या जवळ असतील तर हे पद अनावर होते. म्हणून गुरुत्वमध्य एका धारेजवळ यावा अशा रीतीने दांड्याच्या एका टोकाशी जड वजन बसवितात. साध्या पट्टीवर ही व्यवस्था नसते, परंतु तेच तत्त्व पाळता येते : समान आवर्तकालाची जोडी किमान बिंदूच्या लगतची न निवडता, एक छिद्र टोकाजवळचे आणि दुसरे १७–१८ सेमीच्या आसपासचे असे घ्यावे.

छिद्रांच्या पट्टीवर कॅटरची अचूकता अपेक्षित नाही. तरी अंतर एका छिद्राच्या बाहेरच्या कडेपासून विरुद्ध बाजूच्या छिद्राच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजावे. ‘बाहेरची’ म्हणजे गुरुत्वमध्यापासून दूरची कड, कारण टांगल्यावर धारेवर टेकते ती तीच. पट्टीवर जुन्या काळापासून कोरलेले सेंटिमीटरचे आकडे बहुधा छिद्रमध्याचे असतात, हे प्रयोग सुरू करण्यापूर्वी एकदा व्हर्नियर कॅलिपरने तपासून वहीच्या पहिल्याच ओळीत छिद्राचा व्यास लिहून ठेवावा. वरील तक्त्यात ४ मिमी मिळवून पुन्हा गणित केल्यास पाचही ओळींत g ९.७८ ते ९.७९ येते.